शेअर किती, रोखे किती: वयानुसार वाटप आणि बिघडलेलं प्रमाण पुन्हा जागेवर आणण्याची रीत

आधी एक छोटं कोडं. तुमच्या 100 पैकी 60 शेअरमध्ये आहेत आणि 40 रोख्यांमध्ये. शेअर बाजार 20 टक्क्यांनी पडला. आता तुमच्या एकूण पैशात शेअरचा वाटा किती उरला?

हा प्रश्न विचारला की बहुतेक जण 40 किंवा 48 म्हणतात. खरं उत्तर साडेचोपन्न. शेअरचे 60 होते त्याचे 48 झाले, रोखे 40 वरच राहिले, एकूण झाले 88. आणि 88 मधले 48 म्हणजे 54.5 टक्के. बातम्यांमध्ये हाहाकार माजलेला असतो, पण तुमचं प्रमाण हललं जेमतेम साडेपाचांनी. बाजार 10 टक्केच पडला असता तर वाटा 57.4 झाला असता, म्हणजे काहीही करण्याची गरज नव्हती.

या लेखातलं बरंच काही या एका हिशेबाभोवती फिरतं. बाजार किती हलला ते बघायचं नाही, आपलं प्रमाण किती हललं ते बघायचं. पण प्रमाण बिघडलं असं म्हणायला आधी ते ठरलेलं असावं लागतं. म्हणून सुरुवात तिथून करू.

(पुढची उदाहरणं लाखांत आहेत. चलन मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण गणित सगळीकडे तेच आहे. ‘रोखे’ म्हणताना मी बाँड, बाँड फंड, मुदत ठेवी आणि ठरावीक व्याजाची पेन्शन खाती असं सगळं एकत्र धरतो.)

वय कशाला बघायचं?

‘तरुणपणी धोका पत्करता येतो’ एवढंच उत्तर सहसा मिळतं. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. नेमकं कारण पगारात आहे. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाकडे साठवलेले पैसे थोडे असतात, पण पुढच्या तीस-पस्तीस वर्षांचा पगार यायचा असतो. हा पगार बराचसा रोख्यासारखा वागतो: दर महिन्याला ठरावीक रक्कम येते, आणि शेअर बाजार पडला म्हणून ती लगेच अर्धी होत नाही. म्हणजे त्याच्याकडे न दिसणारा एक भलामोठा रोखा आधीच आहे. मग साठवलेल्या थोड्या पैशात शेअरचा वाटा मोठा ठेवला तरी एकूण चित्र डळमळत नाही. पन्नाशीच्या पुढे हा न दिसणारा रोखा संपत येतो आणि त्याची जागा खऱ्या रोख्यांनी भरावी लागते. वयाप्रमाणे शेअर कमी करायचे ते यासाठी.

यातूनच पुढची दुरुस्तीही निघते. पगार रोख्यासारखा नसेल, म्हणजे तुमची कमाई दलालीवर, कंत्राटांवर किंवा बाजाराच्या तेजीवर चालणाऱ्या धंद्यात असेल, तर तुमचा तो न दिसणारा रोखा कच्चा आहे. वय तेच असलं तरी शेअर थोडे कमी धरा. शेअर दलालाकडे नोकरी करणाऱ्या तिशीतल्या माणसानं पक्क्या सरकारी नोकरीतल्या तिशीतल्या माणसाचं प्रमाण उचलू नये.

आकडा कुठून आणायचा? जुना ठोकताळा असा: 100 मधून वय वजा करा, उरेल तो शेअरचा वाटा. आयुष्यमान वाढलं तसं लोक 100 च्या जागी 110 आणि 120 धरू लागले. पस्तीशीच्या माणसाला या तीन ठोकताळ्यांतून 65, 75 आणि 85 अशी तीन उत्तरं मिळतात. तिन्ही ‘नियम’ म्हणून सांगितले जातात आणि त्यांच्यात 20 चं अंतर आहे! त्यामुळे यातल्या कुठल्याही आकड्याला फार मान देऊ नये. मी 110 वाला घेतो, तोही फक्त पाटी कोरी राहू नये म्हणून. खरा आकडा पुढच्या परीक्षेनंतर ठरतो.

अर्धं होण्याची परीक्षा

समजा, शेअर अर्धे झाले. हे काल्पनिक भय नाही. अमेरिकेचा S&P 500 निर्देशांक ऑक्टोबर 2007 ते मार्च 2009 या काळात वरच्या टोकापासून सुमारे 57 टक्के खाली आला होता. म्हणून ‘अर्धे’ ही मला रास्त परीक्षा वाटते.

शेअरचा वाटा 70 असेल आणि शेअर अर्धे झाले, तर एकूण पैसे 35 टक्क्यांनी कमी होतील. वाटा 50 असेल तर 25 टक्क्यांनी. आता ही टक्केवारी बाजूला ठेवा, कारण टक्केवारी कुणाला रडवत नाही. तिचं रूपांतर महिन्यांत करा. तुमची साठवण आज 100 महिन्यांच्या घरखर्चाइतकी असेल, तर 70 च्या वाट्यात 35 महिन्यांचा खर्च दीडेक वर्षात कागदावरून पुसला जाईल. पस्तीस महिने, म्हणजे जवळपास तीन वर्षं. हे वाचून पोटात गोळा आला तर वाटा 60 करा आणि पुन्हा वाचा. ज्या आकड्याला ‘वाईट आहे, पण विकणार नाही’ असं प्रामाणिकपणे म्हणता येईल, तो तुमचा.

जोडीदार असेल तर ही परीक्षा दोघांनी वेगवेगळी द्यावी आणि कमी आलेला आकडा घ्यावा. पडत्या बाजारात विकायचा हट्ट धरणारा एक माणूस घरात असला तरी पुरतो.

ठरलेला आकडा कागदावर लिहा आणि शेजारी तारीख टाका. दर वर्षी एकेक टक्का कमी करण्याच्या भानगडीत पडू नका. मी दर पाच वर्षांनी 5 कमी करतो: चाळिशीला 70, पंचेचाळिशीला 65, असं. कारण लक्ष्य दर वर्षी सरकत राहिलं, तर प्रमाण बाजारामुळे बिघडलं की लक्ष्यच हललं हे कळेनासं होतं. आणि बाजार जोरात पडल्यानंतरच्या वर्षभरात लक्ष्याला हात लावायचा नाही. त्या वेळी ‘माझी जोखीम घ्यायची तयारी कमी आहे’ असा जो साक्षात्कार होतो, तो बहुधा भीतीनं वेषांतर करून आलेला असतो.

मोजणी: बहुतेकांची गाडी इथेच अडते

प्रमाण काढणं सोपं वाटतं, पण काय मोजायचं यात गफलत होते. मी स्वतः काही वर्षं आपण 70:30 वर आहोत अशा समजुतीत होतो. फंडांत 7 लाख शेअरचे होते, 3 लाख रोख्यांचे. नोकरीतलं पेन्शन खातं ‘ते वेगळंच’ म्हणून हिशेबात नव्हतं. त्यात साडेचार लाख होते, सगळे ठरावीक व्याजावर. ते मिळवले तर साडेचौदापैकी 7, म्हणजे शेअरचा वाटा होता 48. पस्तिशीत असताना मी साठीतल्या माणसासारखा गुंतवत होतो आणि स्वतःला धाडसी समजत होतो.

तेव्हा: निवृत्तीसाठी असलेला सगळा पैसा एका यादीत आणा, मग तो कुठल्याही खात्यात असो. प्रत्येक खात्यात 65:35 असण्याची गरज नाही, बेरजेत असलं की झालं. मिश्र किंवा बॅलन्स्ड फंड असेल तर त्याच्या मासिक पत्रकात शेअर किती आणि रोखे किती हे दिलेलं असतं. तेवढे भाग करून दोन्हीकडे वाटा, सगळी रक्कम एका बाजूला टाकू नका.

बाहेर काय ठेवायचं? राहतं घर, कारण खर्चासाठी त्याची एक खोली विकता येत नाही. अडीअडचणीसाठीची रक्कम. आणि पुढच्या तीन-चार वर्षांत नक्की लागणारा पैसा, म्हणजे फी, लग्न, घराचा पहिला हप्ता वगैरे. अडचणीचा पैसा रोख्यांमध्ये धरणं ही फार आढळणारी चूक आहे. बाजार पडल्यावर हिशेब सांगतो ‘रोखे विकून शेअर घ्या’, आणि माणूस नेमका नोकरीवर गदा येण्याच्या काळात स्वतःची शिदोरी शेअरमध्ये ओततो.

स्प्रेडशीटमध्ये दोन ओळी पुरतात. B रकान्यात आजची किंमत, C मध्ये लक्ष्य (0.65 आणि 0.35). मग शेअरच्या ओळीत, म्हणजे ओळ 2 मध्ये:

```
D2: =B2/SUM(B$2:B$3)
E2: =C2*SUM(B$2:B$3)-B2
```

D आजचं प्रमाण सांगतो, E किती घ्यायचं ते सांगतो. E उणे आला तर तेवढं विकायचं. दोन्ही सूत्रं खालच्या ओळीत उतरवा. दोन्ही E ची बेरीज शून्य आली नाही, तर C ची बेरीज 1 होत नाहीये असं समजा.

हात कधी घालायचा

दोन रीती चालतात. एक कॅलेंडरची: वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी. दुसरी पट्ट्याची: लक्ष्यापासून 5 पेक्षा जास्त सरकलं तरच. मी दोन्हींची मोट बांधतो. वर्षातून दोनदा बघायचं, आणि पट्ट्याबाहेर असेल तरच काही करायचं. लक्ष्य 65 असेल तर 60 ते 70 च्या आत सगळं क्षम्य.

याहून वारंवार बघण्यात काही मिळत नाही. 2020 मध्ये S&P 500 हा 19 फेब्रुवारी ते 23 मार्च या जेमतेम पाच आठवड्यांत सुमारे 34 टक्के पडला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा जुन्या उंचीवर होता. जो माणूस फक्त 31 डिसेंबरला बघतो, त्याला त्या वर्षी एवढी पडझड झाल्याचं आपल्या तक्त्यात दिसलंही नसेल. स्वस्तात घेण्याची एक संधी त्याची गेली, पण नुकसान काही झालं नाही.

सोन्यासारखा एखादा 10 टक्क्यांचा छोटा भाग असेल तर मात्र 5 चा पट्टा फार सैल होतो. तो अर्धा झाला किंवा दीडपट झाला तरच घंटा वाजेल. अशा भागाला त्याच्याच आकाराचा चौथा हिस्सा पट्टा द्यायचा, म्हणजे 7.5 ते 12.5.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

एका शिक्षिकेचा हिशेब

वय 45, पक्की नोकरी. ठोकताळ्यानं 65 आले, अर्धं होण्याच्या परीक्षेतही 65 टिकले. एकूण 20 लाख: शेअर 13, रोखे 7. दर महिन्याला 25 हजार बाजूला पडतात. हिशेब स्वच्छ दिसावा म्हणून ही मासिक भर आणि पुढचं व्याज आधी सोडून देऊ.

दीड वर्षात शेअर 40 टक्के चढले, रोखे 8 टक्के. शेअर 18.20 लाख, रोखे 7.56, एकूण 25.76. शेअरचा वाटा 70.7. पट्टा ओलांडला.

25.76 च्या 65 टक्के म्हणजे 16.74. म्हणजे 1.46 लाखांचे शेअर जास्त आहेत. इथे थांबा, लगेच विकू नका. आधी विचारायचं की विकल्याशिवाय भागेल का? नव्या पैशानं प्रमाण दुरुस्त करायचं असेल तर शेअर आहे तेवढेच ठेवून एकूण रक्कम वाढवावी लागेल. 18.20 ला 0.65 ने भागा, 28 लाख येतात. म्हणजे आणखी 2.24 लाख रोख्यांत टाकले की प्रमाण जुळलं. महिन्याला 25 हजार सगळेच्या सगळे रोख्यांत टाकले तर नऊ महिने लागतील.

नऊ महिने जरा जास्तच झाले, त्या काळात बाजार पुन्हा कुठे जाईल सांगता येत नाही. पण लक्षात घ्या, साठवण जितकी लहान आणि मासिक भर जितकी मोठी, तितका हा काळ कमी. हाच माणूस 5 लाखांवर असता तर दोन-तीन महिन्यांत प्रमाण आपोआप बसलं असतं. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत विकण्याची वेळ सहसा येऊच नये, नुसता हप्ता कुठे वळवायचा एवढंच ठरवायचं.

आपल्या शिक्षिकेपुढे दुसरा रस्ता म्हणजे विक्री. बहुतेक देशांत शेअर नफ्यात विकले की कर लागतो, काही फंड ठरावीक मुदतीआधी बाहेर पडल्यास शुल्कही कापतात. पण बऱ्याच ठिकाणी निवृत्तीसाठीच्या खात्यात आतल्या आत शेअरमधून रोख्यांत पैसे वळवले तर त्या क्षणी कर लागत नाही. तिच्याकडे तसं खातं असेल तर पूर्ण 1.46 लाख तिथेच फिरवावेत आणि बाहेरच्या फंडांना हात लावू नये. बेरीज एकच असल्यामुळे कुठल्या खात्यात फिरवलं याला महत्त्व नाही. तसं खातं नसेल तर मी अर्ध्या वाटेवर थांबेन: 67.5 पर्यंत विक्री आणि उरलेलं मासिक हप्त्यानं. कर आज नक्की द्यावा लागतो, पण अडीच टक्क्यांच्या जादा शेअरमधून होणारं नुकसान फक्त संभवतं.

धरून चालू की खातं होतं आणि तिनं पूर्ण फिरवले. शेअर 16.74, रोखे 9.02.

पुढच्या वर्षी शेअर 30 टक्के पडले. शेअर 11.72, एकूण 20.74, वाटा 56.5. पुन्हा पट्ट्याबाहेर, या वेळी खालच्या बाजूनं. लक्ष्याप्रमाणे शेअर 13.48 हवेत, म्हणजे 1.76 लाखांचे रोखे विकून शेअर घ्यायचे.

कागदावर हे सरळ आहे. प्रत्यक्षात हा क्षण फार घाणेरडा असतो. जे चांगलं चाललंय ते विकून जे सडतंय ते घ्यायचं. तिनं घेतले, रोखे 7.26 उरले. आणि मग शेअर आणखी 20 टक्के पडले.

शेअर 10.78, एकूण 18.04, वाटा 59.8. पट्ट्याच्या किंचित बाहेर, पुन्हा 94 हजारांची खरेदी. आधी ओतलेल्या 1.76 लाखांपैकी 35 हजार तर आत्ताच गेलेत. माझ्या पाहण्यात रीबॅलन्सिंग, म्हणजे प्रमाण पुन्हा जागेवर आणण्याची ही रीत, सोडून देणारे लोक पहिल्या पडझडीत सोडत नाहीत, ते या दुसऱ्या खरेदीपाशी सोडतात. त्यामुळे नियम लिहिताना ‘दुसऱ्यांदाही घ्यायचं’ हे शब्द तसेच लिहून ठेवावेत.

या तळाशी तिच्याकडे 18.04 लाख आहेत. तिनं काहीच केलं नसतं तर? 18.20 चे 10.19 झाले असते, रोखे 7.56, एकूण 17.75. फरक अगदी किरकोळ. वर विकलेल्यातून जे वाचलं, त्यातलं बरंचसं मधल्या खरेदीत गेलं.

आता शेअर पूर्वीच्या उंचीवर परत गेले असं समजू. दुसऱ्या खरेदीनंतर तिच्याकडे शेअर 11.73 आणि रोखे 6.31 होते. शेअर 20.94 होतात, एकूण 27.25. काहीच न करणारी 25.76 वर परत येते, जिथून निघाली तिथेच. दीड लाखाचा फरक, बाजार जागच्या जागी असताना.

इथपर्यंत वाचून रीबॅलन्सिंग म्हणजे जास्त कमाईची युक्ती वाटेल, तर उलटी बाजूही त्याच आकड्यांत बघू. पहिल्या तेजीनंतर शेअर पडलेच नसते आणि पुन्हा 40 टक्के चढले असते, तर हात न लावणारी 33.04 लाखांवर गेली असती आणि आपली शिक्षिका 32.46 वर. शिस्तीची किंमत 58 हजार. बाजार वर-खाली होऊन परत येतो तेव्हा ही रीत पैसे मिळवून देते. तो एकाच दिशेनं चालत राहतो तेव्हा गमावून देते. वर जाताना थोडं, आणि खाली जाऊन परत न येणाऱ्या बाजारात जास्त. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर 1989 मधल्या उंचीला परत पोचला फेब्रुवारी 2024 मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी. म्हणून शेअरची बाजू एकाच देशाच्या बाजारात किंवा चार कंपन्यांत नसावी, अनेक देशांत पसरलेल्या फंडात असावी. पडलेली एखादी कंपनी उठेलच असं नाही, आणि तिच्यात पुन्हा पुन्हा पैसे ओतणं म्हणजे रीबॅलन्सिंग नव्हे.

मग करायचं कशासाठी? जोखीम जागेवर ठेवण्यासाठी. हात न लावणारीचा शेअरचा वाटा दुसऱ्या तेजीनंतर 77 झाला असता. अर्धं होण्याच्या परीक्षेत तिनं 65 ला हो म्हटलं होतं, 77 ला नाही. पडझड येते तेव्हा ती 77 वाल्यावर येते.

दोन्ही बाजू एकदम पडल्या तर

नवख्यांना गोंधळात टाकणारं एक वर्ष म्हणजे 2022. अमेरिकेत S&P 500 लाभांश धरून सुमारे 18 टक्के पडला, आणि व्याजदर भराभर वाढल्यामुळे तिथला व्यापक बाँड निर्देशांकही सुमारे 13 टक्के. 60:40 वाल्याचे 60 चे झाले 49.2, 40 चे 34.8, एकूण 84. वाटा किती? 58.6. म्हणजे सोळा टक्के पैसे गेले आणि तक्ता म्हणतो काही करू नका.

तक्ता बरोबर सांगत होता. रीबॅलन्सिंग तोट्याला उत्तर देत नाही, प्रमाणाला देतं. चूक असलीच तर ती दुसरीकडे होती, रोख्यांच्या निवडीत. व्याजदर वाढले की आधीच्या कमी व्याजाच्या रोख्यांची किंमत पडते, आणि रोख्याची मुदत जितकी लांब तितकी जास्त पडते. पाच वर्षांत लागणारा पैसा वीस वर्षांच्या बाँड फंडात असेल, तर ‘सुरक्षित बाजू’ हे नुसतं नाव उरतं. फंडाच्या पत्रकात सरासरी मुदत किंवा ‘ड्युरेशन’ दिलेलं असतं. ड्युरेशन 6 असेल तर व्याजदर एका टक्क्यानं वाढल्यावर किंमत साधारण 6 टक्के पडते, असा ढोबळ हिशेब. पैसे लागायला जितकी वर्षं आहेत, त्यापेक्षा हा आकडा मोठा नसावा.

पगार थांबल्यावर

निवृत्तीच्या आसपास गणित बदलतं, कारण पैसे आत येण्याऐवजी बाहेर जाऊ लागतात, आणि मग परताव्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. समजा, 100 आहेत आणि दर वर्षाच्या सुरुवातीला 5 काढायचे आहेत. तीन वर्षांचे परतावे उणे 30, अधिक 10, अधिक 30 असे आले तर शेवटी 81.4 उरतात. तेच परतावे उलट्या क्रमानं आले तर 87.7. काहीच काढलं नसतं तर दोन्हीकडे सारखेच 100.1 उरले असते. म्हणून पहिल्या काही वर्षांत शेअर पडले, तर ते विकून खर्च भागवावा लागू नये एवढे रोखे हाताशी हवेत. शेअर 65 वरून 40 च्या आसपास आणायचे ते साठाव्या वाढदिवशी एका दिवसात नाही, तर त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांत, पाच-पाचच्या पायऱ्यांनी, आणि शक्यतो पट्टा वरच्या बाजूनं ओलांडल्यामुळे विकायची वेळ आलीच आहे अशा वर्षी. एका विक्रीत दोन्ही कामं होतात.

त्यानंतर खर्चासाठी पैसे काढणं हीच रीबॅलन्सिंगची मुख्य वाट होते. जी बाजू लक्ष्यापेक्षा जड, तिथून काढायचं. लक्ष्य 40:60, एकूण 30 लाख, वर्षाचा खर्च दीड लाख असा माणूस घ्या. शेअर 25 टक्के पडले: 12 चे 9 झाले, रोखे 18, एकूण 27. वाटा 33.3, म्हणजे 35 च्या पट्ट्याखाली, आणि नियम म्हणतो की शेअर घ्या. पण खर्चाचे दीड लाख आधी रोख्यांतून काढा आणि मग मोजा. रोखे 16.5, एकूण 25.5, वाटा 35.3. पट्ट्याच्या आत. त्या वर्षी त्याला ना शेअर विकायचे आहेत, ना घ्यायचे. खर्च निघाला आणि तक्ता पुढच्या सहामाहीपर्यंत बंद.